शेअरचा पैसा वेगळा, घरचा पैसा वेगळा

आज मी बोलणार आहे मोबाईलवरच्या शेअरच्या खरेदी-विक्रीबद्दल, म्हणजे ट्रेडिंगबद्दल. गावात आता हा शब्द नवा राहिलेला नाही. कुणाचा मुलगा करतो, कुणाचा दीर, कुणाचे मालक, आणि आपल्यातल्या काही जणी स्वतःही करतात. शेअर कोणता घ्यावा, कधी विकावा, हे मी सांगणार नाही. तो माझा विषय नाही. मी गटाचा हिशेब बघणारी बाई आहे, म्हणून हिशेबाचंच बोलते. घरातल्या कुणीही ट्रेडिंग करायचं ठरवलं, तर त्याचा पैसा घरच्या बचतीपासून वेगळा कसा ठेवायचा, त्यातून पैसा बाहेर कधी काढायचा, आणि तोटा झाल्यावर त्यात पुन्हा पैसा का घालायचा नाही, एवढंच आज पाहू.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. या नियमांनी ट्रेडिंगमध्ये फायदा होईल असं नाही. जास्तीत जास्त किती बुडेल, एवढंच या नियमांनी आधी ठरतं. पण घर चालवणाऱ्या बाईला तेवढंच कळलं तरी पुष्कळ असतं.

पैसा मिसळतो कुठे?

शेअर घ्यायचे तर ब्रोकरकडे ट्रेडिंग खातं आणि डीमॅट खातं लागतं. डीमॅट खात्यात शेअर राहतात. ट्रेडिंग खात्यात खरेदी-विक्री होते, आणि तिथे पैसे भरावे लागतात. हे पैसे येतात बँकेच्या खात्यातून, आणि ते बँक खातं ब्रोकरकडे आधी जोडावं लागतं. नियम असा आहे की ज्याच्या नावाचं ट्रेडिंग खातं, त्याच्याच नावाच्या बँक खात्यातून पैसे भरता येतात. दुसऱ्याच्या खात्यातून आलेले पैसे ब्रोकरने घ्यायचे नसतात.

खाते उघडताना मुलगा साहजिकच आपलं आहे ते बँक खातं जोडतो. त्याच खात्यात त्याचा पगार येतो. त्याच खात्यात कधी डेअरीचं दहा दिवसांचं दूधबिल पडतं. आईने खत आणायला पाठवलेले पैसेही तिथेच. मग मोबाईलवर बोट लावलं की यूपीआयने त्यातून हजार, दोन हजार ट्रेडिंग खात्यात जातात. एका मिनिटाचंही काम नाही. कोणते हजार दुधाचे, कोणते पगाराचे आणि कोणते खताचे, हे पैशावर लिहिलेलं नसतं. महिन्याच्या शेवटी खात्यात पैसे कमी दिसतात, पण किती घरखर्चाला गेले आणि किती बाजारात गेले, हे करणाऱ्यालाही धड सांगता येत नाही. तो खोटंच बोलतो असं समजू नका. पैसा मिसळला की मोजता येत नाही, आणि मोजता न आलेला तोटा कुणाला दिसत नाही.

म्हणून पहिलं काम दुसऱ्या बँक खात्याचं. ट्रेडिंग करणाऱ्याने आपल्या नावाने आणखी एक बचत खातं उघडायचं आणि ब्रोकरकडे फक्त तेच जोडायचं. याला आपण मधलं खातं म्हणू. घरच्या खात्यातून पैसा आधी मधल्या खात्यात जाईल आणि तिथून ब्रोकरकडे. परत येताना आधी मधल्या खात्यात येईल आणि मग घरी.

इथे एक चूक हमखास होते. नवं खातं जोडलं जातं, पण जुनं खातं ब्रोकरकडून काढलं जात नाही. ब्रोकरकडे एकाहून जास्त बँक खाती जोडता येतात, त्यामुळे जुना दरवाजा उघडाच राहतो. ॲपमध्ये आपल्या माहितीच्या पानावर कोणती बँक खाती जोडली आहेत ते दिसतं. ते पान उघडून घरातल्या दोघांनी मिळून बघायचं. तिथे मधलं खातं सोडून दुसरं काही दिसलं, तर ते काढून टाकायचं.

भांडवल किती? घरातले सगळे पैसे भांडवल नसतात

आता एक घर घेऊ. घर कल्पनेतलं आहे, पण आकडे आपल्या ओळखीचे वाटतील. आई गटाची सभासद आहे, दोन गाई आहेत. मुलगा गॅरेजमध्ये काम करतो. घरखर्च महिन्याला १५,००० रुपये. खात्यावर शिल्लक ७०,००० रुपये. मुलगा म्हणतो, ‘नुसते पडून आहेत, त्यातले निम्मे तरी बाजारात लावतो.’

आपण वही काढू आणि या ७०,००० चे खरे मालक कोण ते लिहू. तीन महिन्यांचा घरखर्च हाताशी हवा. गाय आटते, काम सुटतं, दवाखाना लागतो. ते झाले ४५,०००. गटाच्या कर्जाचा हप्ता महिना २,५०० रुपये, तीन महिन्यांचे ७,५००. धाकटीची कॉलेजची फी ५,५००. एकूण ५८,०००. खात्यात पडून दिसणारा हा पैसा खरं तर कुठे ना कुठे बांधलेला आहे. उरले १२,०००. या घराचं ट्रेडिंगचं भांडवल जास्तीत जास्त १२,००० रुपये. निम्मे म्हणजे ३५,००० नाहीत.

या १२,००० वर आणखी एक प्रश्न विचारायचा. हे सगळेच्या सगळे बुडाले तर घरात काय थांबेल? उत्तर ‘काही नाही’ असेल तरच ते भांडवल. ‘फी थांबेल’, ‘बी-बियाणं थांबेल’ असं उत्तर आलं, तर तेवढी रक्कम त्यातून बाहेर काढायची. आणि कर्जाचा पैसा कधीही भांडवल नाही. गटाचं अंतर्गत कर्ज, बँकेचं कर्ज, सोनं ठेवून आणलेले पैसे, मोबाईलवरच्या ॲपवरून घेतलेलं कर्ज, यातलं काहीच नाही. कर्जाच्या हप्त्याला तारीख असते, आणि बाजार आपल्या हप्त्याच्या तारखेपर्यंत वर येऊन बसत नाही.

रक्कम ठरली की वहीत लिहायची. तारीख, रक्कम, आणि घरातल्या दोन मोठ्या माणसांच्या सह्या. मग १२,००० रुपये घरच्या खात्यातून मधल्या खात्यात एकदाच पाठवायचे.

हे एकदाच पाठवणं फार महत्त्वाचं आहे, कारण आपली तपासणी त्यावरच उभी आहे. मधल्या खात्याच्या पासबुकात जमेच्या बाजूला ठरावीक प्रकारच्याच नोंदी दिसायला हव्यात. एक, घरून आलेले १२,०००, एकच नोंद. बाकी सगळ्या नोंदी ब्रोकरकडून परत आलेल्या पैशाच्या, शेअरवर कंपनीने दिलेल्या लाभांशाच्या, आणि बँकेने दिलेल्या थोड्याशा व्याजाच्या. याखेरीज कोणतीही जमा दिसली, मग ती ५०० रुपयांची का असेना, तर बाहेरून पैसा घातला गेला आहे. शेअर बाजारातलं काहीही कळत नसलं तरी ज्या बाईला पासबुक वाचता येतं, तिला हे कळतं.

पैसा बाहेर काढायचे नियम

पैसा आत जाणं जितकं सोपं, तितकं बाहेर येणं राहून जातं. फायदा झाला की वाटतं, राहू दे, आणखी वाढेल. ॲपवर हिरवा आकडा दिसतो आणि घरात त्यालाच फायदा म्हणतात. पण ॲपवरचा हिरवा आकडा म्हणजे अजून न विकलेल्या शेअरची आजची किंमत. उद्या ती खाली आली की आकडा लाल. घरच्या खात्यात पोचलेला पैसा हाच फायदा, ही व्याख्या आधी पक्की करा.

काढायला तारीख ठरलेली हवी. वर्षातून चार वेळा पुरे. एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारी या महिन्यांतल्या पहिल्या रविवारी बाजार बंद असताना हिशेब करायचा आणि सोमवारी पैसे काढायचे. हे महिने सोयीचे आहेत. ब्रोकरकडे आपले न वापरलेले पैसे पडून असतील, तर ते दर तिमाहीला किंवा दर महिन्याला, आपण निवडलं असेल तसं, बँकेत परत पाठवण्याचं बंधन त्याच्यावर आहे. हे काम तिमाहीच्या सुरुवातीलाच होतं. म्हणून त्या सुमारास मधल्या खात्यात अचानक पैसे दिसले तर तो फायदा समजू नका. आपलाच पैसा फिरून आलेला असतो. फायदा आहे की नाही, हे हिशेबानेच ठरतं.

हिशेब असा. शेअरची आजची किंमत, ब्रोकरकडची शिल्लक आणि मधल्या खात्यातली शिल्लक, या तिन्हींची बेरीज करायची. त्यातून मूळ १२,००० वजा करायचे. बेरीज मूळपेक्षा जास्त असेल, तर जास्तीच्या निम्मे पैसे घरच्या खात्यात काढायचे. कमी असेल, तर काहीच काढायचं नाही आणि काहीच घालायचं नाही. वहीत आकडा लिहायचा आणि वही मिटायची.

आपल्या घराचा हिशेब बघू. एप्रिलमध्ये सुरुवात केली. जुलैत बेरीज आली १३,६००. जास्तीचे १,६००, त्यातले निम्मे ८०० घरी आले. आत राहिले १२,८००. ऑक्टोबरमध्ये बेरीज १०,९००. मूळपेक्षा कमी, म्हणून काढणं नाही, घालणं नाही. काही जणींना वाटेल, आठशे रुपयांसाठी एवढा खटाटोप? पण हे आठशे आता बाजाराच्या हातात नाहीत. पुढे काहीही झालं तरी ते घरचेच.

काढताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. शेअर विकले की त्याच क्षणी पैसे हातात येत नाहीत. सौदा पुढच्या कामाच्या दिवशी पूर्ण होतो, त्यानंतर ॲपमध्ये Withdraw करून पैसे बँकेत मागवता येतात. म्हणून उद्या सकाळी फी भरायची आहे आणि आज शेअर विकतो, असं जमणार नाही. दुसरी गोष्ट, दलाली आणि सरकारी कर प्रत्येक सौद्याला कापले जातात. शेअर एका वर्षाच्या आत विकून फायदा झाला, तर त्यावर प्राप्तिकराचा दर २० टक्के आहे. म्हणून काढलेल्या फायद्यातला पाचवा हिस्सा वर्षाचा हिशेब होईपर्यंत खर्च करू नका.

घरात अडचण आली तर? गाय आजारी पडली, कुणाला दवाखान्यात न्यावं लागलं? तर तारखेची वाट बघायची नाही. बाहेर काढायला कधीही मोकळीक आहे. फक्त काढलेला पैसा नंतर ‘परत भरतो’ म्हणून आत जाणार नाही. ३,००० काढले तर त्या दिवसापासून मूळ भांडवल ९,०००, तसं वहीत लिहायचं. बाहेर येण्याचा दरवाजा रोज उघडा, आत जाण्याचा दरवाजा एकदाच उघडला आणि बंद झाला.

तोटा झाल्यावर पैसा का घालायचा नाही

आता आजच्या बोलण्याचा गाभा. तोटा झाला की करणारा काय म्हणतो? ‘आणखी थोडे टाकले की सरासरी खाली येते, मग लवकर निघतो.’ हे ऐकायला बरोबर वाटतं, म्हणून कागदावर मांडून बघू.

समजा, २०० रुपयांना एक याप्रमाणे २० शेअर घेतले. ४,००० रुपये लागले. भाव आला १५० वर. आता तोटा १,०००. मुलगा घरून ३,००० आणतो आणि १५० च्या भावाने आणखी २० शेअर घेतो. आता त्याच्याकडे ४० शेअर, सरासरी भाव १७५. तो म्हणतो, ‘आता २०० ची वाट बघायला नको, १७५ ला आलं तरी सुटलो.’ त्याचं गणित चुकलेलं नाही. पण त्याने अर्धंच गणित सांगितलं आहे. आधी भाव एक रुपया उतरला की २० रुपये जात होते, आता ४० जातात. भाव १२० वर आला, तर पैसे न घालता तोटा झाला असता १,६००. पैसे घातल्यामुळे झाला २,२००. भाव कुठे जाणार हे त्याला आधीही माहीत नव्हतं, आताही नाही. बदललं एवढंच की त्याच अंदाजावर दुप्पट शेअर झाले.

आता तेच घर घेऊ, पण मधलं खातं नाही आणि नियमही नाहीत. १२,००० लावले, त्यातले ५,००० गेले, उरले ७,०००. मुलाने दूधबिलाचे ९,००० घातले, झाले १६,०००. त्यातले ८,००० गेले, उरले ८,०००. आईने गटातून गाईच्या नावावर २०,००० चं अंतर्गत कर्ज उचलून दिलं, झाले २८,०००. त्यातले १८,००० गेले. उरले १०,०००. मोजा आता. आत गेले ४१,०००, उरले १०,०००, तोटा ३१,०००. शिवाय गटाच्या २०,००० वर शेकडा एक रुपया धरला तरी महिन्याला २०० रुपये व्याज सुरू झालं.

तिन्ही वेळचे तोटे शेजारी ठेवून बघा. पाच हजार, आठ हजार, अठरा हजार. माणूस तोच, मोबाईल तोच. दर वेळी आत जास्त पैसा होता आणि दर वेळी घाई जास्त होती. पहिल्या १२,००० ला घाई नव्हती. दूधबिलाच्या ९,००० ला पेंडीच्या दुकानाची उधारी वाट बघत होती. गटाच्या २०,००० ला तर दर महिन्याच्या बैठकीत हप्ता होता. तारखेच्या आत पैसे निघाले पाहिजेत म्हणून माणूस मोठा आणि धोक्याचा सौदा करतो.

आणि हे फक्त अडाणी माणसाचं होतं असं नाही. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये एक पाहणी जाहीर केली. ती फ्युचर्स आणि ऑप्शन्स या प्रकारच्या सौद्यांची होती. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत हे सौदे करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. तोट्यात असलेल्यांपैकी तीन चतुर्थांशांहून जास्त लोकांनी मागची वर्षं तोट्याची जाऊनही सौदे चालूच ठेवले. थांबणं किती अवघड आहे, हे यावरून कळतं. म्हणून थांबायचं कधी, हे तोटा होण्याआधीच ठरवावं लागतं.

या फ्युचर्स-ऑप्शन्सबद्दल आणखी एक सांगते. फ्युचर्समध्ये आणि ऑप्शन विकण्याच्या सौद्यात ब्रोकरकडे अनामत ठेवावी लागते, त्याला मार्जिन म्हणतात. भाव उलटा गेला की मार्जिन कमी पडतं आणि ‘आणखी पैसे भरा’ असा संदेश येतो. न भरल्यास ब्रोकर सौदा तोडू शकतो, आणि तोटा भरलेल्या पैशापेक्षा मोठाही होऊ शकतो. म्हणजे पुन्हा पैसा घालणं त्या सौद्याच्या रचनेतच आहे. ब्रोकरकडून व्याजाने पैसे घेऊन शेअर घेण्याची सोयही तशीच. ज्या घरात ‘पुन्हा घालायचे नाही’ हा नियम आहे, त्या घरात हे सौदे बसतच नाहीत. तेही वहीत पहिल्या दिवशी लिहायचं.

थांबायची रेघ

आपल्या घराने थांबायची रेघ ठरवली मूळच्या निम्म्यावर, म्हणजे ६,००० वर. बेरीज त्याच्या खाली गेली की सगळे शेअर विकायचे, उरलेला पैसा घरच्या खात्यात आणायचा आणि एक वर्ष बंद. निम्माच का? पैसे निम्मे झाले की पूर्ववत व्हायला ते दुप्पट व्हावे लागतात. सहा हजारांचे बारा हजार करणं म्हणजे शंभर टक्के फायदा. तेवढा फायदा मिळवायचा तर मोठा धोका घ्यावा लागतो, आणि तिथेच उरलेलेही जातात.

ऑक्टोबरमध्ये १०,९०० असलेली बेरीज नोव्हेंबरमध्ये उतरून ५,९०० वर आली. रेघ ओलांडली, म्हणून सगळं विकलं. घरी आले ५,९००, आणि जुलैत आलेले ८००. मिळून ६,७००. तोटा ५,३००. दुखतंच, खोटं कशाला बोलू? पण फी भरली गेली, हप्ता चुकला नाही, आणि तीन महिन्यांचे ४५,००० जागेवर आहेत. नियम नसलेल्या घराचा तोटा ३१,००० होता, तोही अजून संपला नव्हता.

रेघेलाही मर्यादा आहे. भाव रात्रीतून कोसळला, किंवा शेअरला घेणाराच उरला नाही, तर ठरवलेल्या भावाला विकता येत नाही. ६,००० ठरवले तरी हातात ५,००० येऊ शकतात. म्हणूनच आपण आधी विचारलं होतं, सगळे बुडाले तर काय थांबेल?

वर्षानंतर पुन्हा करायचं असेल तर पुन्हा वही, पुन्हा ‘या पैशाचे खरे मालक कोण’ हा हिशेब, पुन्हा दोन सह्या. मागचा तोटा भरून काढायचाय, हे कारण चालणार नाही. तेव्हा घरात खरोखर मोकळे पैसे आहेत का, एवढंच बघायचं.

नियम मोडला जातोय हे कसं ओळखाल?

मधल्या खात्याचं पासबुक महिन्यातून एकदा भरून आणा आणि जमेची बाजू बघा. ब्रोकरच्या ॲपमधून खात्याचा उतारा निघतो, त्याला लेजर म्हणतात. त्यातली बँकेतून भरलेल्या पैशांची प्रत्येक जमा मधल्या खात्याच्या नावे दिसायला हवी. लेजरमध्ये बँकेतून पैसे भरल्याची जमा आहे पण पासबुकात नाव्याची नोंद नाही, म्हणजे दुसऱ्या एखाद्या खात्यातून पैसे गेले आहेत.

दुसऱ्या ब्रोकरकडे गुपचूप खातं उघडलं असेल तर? एका पॅन कार्डावर जितकी डीमॅट खाती आहेत, त्या सगळ्यांचं एक एकत्रित विवरणपत्र ईमेलवर येतं. ते समोर बसून उघडायला सांगा. आणि कान उघडे ठेवा. ‘फक्त दोन दिवसांसाठी दे’, ‘सोमवारी नक्की देतो’, ‘सोनं नुसतं पडून आहे’ ही वाक्यं घरात ऐकू यायला लागली, तर पासबुक बघायला महिना संपण्याची वाट बघू नका.

आपल्या नावाची काळजीही घ्या. काही घरांत बाईच्या पॅन आणि आधारवर खातं उघडतात आणि चालवतात दुसरे. ओटीपी तिच्या मोबाईलवर येतो, ती वाचून दाखवते. त्या खात्यातला प्रत्येक सौदा कायद्याने तिचा असतो. फायद्याचा कर तिच्या नावावर, ब्रोकरचं देणं राहिलं तर तेही तिच्या नावावर. जे खातं आपण स्वतः बघत नाही, त्यासाठी ओटीपी द्यायचा नाही. कितीही जवळचा माणूस असू दे.

शेवटचं गटासाठी. आपली पंचसूत्री आपल्याला पाठ आहे, त्यात अंतर्गत कर्ज आहे आणि परतफेडही आहे. येत्या बैठकीत इतिवृत्तात एक ठराव घ्या. गटाचं कर्ज शेअरच्या खरेदी-विक्रीसाठी किंवा त्यातला तोटा भरण्यासाठी दिलं जाणार नाही. कर्ज मागताना कारण ‘गाय’ असेल, तर महिन्याभरात दोघी जणींनी जाऊन गाय बघून यायची. यात अविश्वास नाही. उद्या घरातून दबाव आला, तर आपली मैत्रीण म्हणू शकेल, ‘माझ्या हातात नाही हो, गटाचा ठराव आहे.’

आज रात्री जेवणं झाली की एवढं करा. घरात जो कोणी हे करतो त्याला शेजारी बसवा, ब्रोकरच्या ॲपमध्ये कोणतं बँक खातं जोडलंय ते दाखवायला सांगा, आणि त्या खात्यात आणखी कोणकोणते पैसे येतात ते वहीत लिहा. पुढचं बोलणं तिथूनच सुरू होईल.